तिसऱ्या मजल्यावरची वही

तू सेक्रेटरी झालीस, म्हणजे चाव्यांचा जुडगा, टँकरवाल्यांचे नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असं तिन्ही तुझ्याकडे आलं. चाव्यांचं सांगून झालंय. पंपाच्या खोलीचं कुलूप उलटं फिरतं, एवढं लक्षात ठेव. टँकरचं तुला मी काय सांगणार, तू धायरीतच वाढलीस. ग्रुपचं मात्र जरा बसून सांगते. तिथे मी सहा वर्षं चुका केल्या आणि त्यातल्या बहुतेक मला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने दाखवून दिल्या.

मुलगा म्हणायचं आपलं, सव्वीस वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो, हिशेबाच्या नोंदी तपासतो आणि त्यात त्याची चूक सापडत नाही. मी सत्तावीस वर्षं विशेष मुलांच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे मला वाटायचं, अशा माणसांशी कसं बोलायचं ते मला येतं. समोरासमोर येतही होतं. पण शाळेत मी सूचना लिहायची ती फळ्यावर, आणि फळ्यावर इमोजी काढायची सोय नव्हती. फोन हातात आला तशी मीही सगळ्यांसारखी शब्द सोडून चित्रं टाकायला लागले.

जानेवारी २०२५ आठवतोय ना? सिंहगड रस्त्याच्या या सगळ्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले होते. गीयाँ-बारे सिंड्रोम हे नाव तोपर्यंत आपल्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. संशय पाण्यावर होता, पाणी उकळून प्या असं महापालिका सांगत होती. आपण टाकी साफ करून घ्यायचं ठरवलं आणि मी घाईघाईत ग्रुपवर हा निरोप टाकला:

```
🚱💧 सर्वांनी काळजी घ्या 🙏 उद्या टाकी 🧽🧽 पाणी जपून 😅 🕙 👍
```

मला तो अगदी स्पष्ट वाटला होता. खाली पंचवीस अंगठे आले, म्हणजे सगळ्यांना कळलं, असं समजून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची वहिनी खाली आली. तिचा मुलगा सकाळपासून पाणीच प्यायला नव्हता. उकळलेलंही नाही, फिल्टरचंही नाही. तिने ग्लास पुढे केला तर म्हणाला, सेक्रेटरींनी पाणी प्यायला मनाई केली आहे.

मी मनाई कुठे केली होती? पण त्याने फोन पुढे धरला. 🚱 या चित्राचं ठरलेलं नावच ‘पिण्यायोग्य नसलेलं पाणी’ असं आहे. तहान लागली तर नळाच्या तोटीवर हे चिन्ह पाहून माणूस मागे फिरावा, यासाठीच ते काढलेलं. मी ते ‘पाण्याचं काहीतरी’ म्हणून टाकलं होतं. त्याने ते जे आहे तेच वाचलं. ‘उकळून’ हा शब्द माझ्या निरोपात कुठेही नव्हता. मग त्याने पुढचं विचारलं. घड्याळात दहा वाजलेत, ते सकाळचे की रात्रीचे? स्पंज दोन आहेत, म्हणजे टाक्या दोन साफ होणार का? आपल्याकडे तर तीन आहेत. ‘जपून’ म्हणजे किती लिटर? आणि 😅 हे कशाला, यात हसण्यासारखं काय आहे?

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हाला त्रास देतेय, माफ करा, पण माझाही नाइलाज आहे, असं सगळं त्या घाम फुटलेल्या तोंडात मी कोंबलं होतं. रोगाच्या बातमीखाली हसरं तोंड ठेवलंय, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की शब्दशः वाचणाऱ्या माणसाला चित्राचा अर्थ कळत नाही, असं धरून चालू नकोस. उलट बऱ्याचदा त्याला तो आपल्यापेक्षा जास्त नेमका माहीत असतो. इमोजी हा शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या भावनेच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही, तो आपला कानाचा भास. २०१० साली ही चित्रं युनिकोडमध्ये आली, तेव्हा प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक नाव मिळालं. हा मुलगा ती नावं वाचतो. आपण नावं वाचत नाही, सवयीने चालतो, आणि सवय घरागणिक वेगळी.

त्याचं एक उदाहरण मला अजून टोचतं. बी विंगमधले आजोबा गेले तेव्हा मी श्रद्धांजलीखाली 😪 टाकलं. डोळे मिटलेले, खाली थेंब. मला वाटलं रडतोय. त्याने मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही, एवढा तो समंजस आहे. लिहिलं होतं, ‘काकू, हा रडत नाही. हा झोपलाय. तो थेंब नाकातला फुगा आहे.’ आणि खरंच तसं आहे. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकातून फुगा काढतात, तिथून तो आलाय. मी मयताच्या निरोपाखाली घोरणारा माणूस ठेवला होता आणि माझ्यामागोमाग अकरा जणांनी तोच ठेवला. त्याला वाटलं असेल, या सोसायटीत सगळ्यांना त्या आजोबांचा कंटाळा आला होता की काय.

घड्याळाचं आणि तारखेचंही तसंच. फोनमध्ये घड्याळाचे गोल चेहरे चोवीस आहेत, बारा पूर्ण तासांचे आणि बारा अर्ध्या तासांचे. आपण ‘वेळ’ दाखवायला पहिला सापडेल तो दाबतो, तो मात्र काटे बघतो. कॅलेंडरचं 📅 हे चित्र नीट मोठं करून बघ, आयफोनवर त्यावर १७ जुलै छापलेलं असतं. अ‍ॅपलने आपलं कॅलेंडर २००२ साली त्या दिवशी जाहीर केलं, त्याची ती आठवण. पुढे इतर बऱ्याच कंपन्यांनीही तीच तारीख घेतली. मी एकदा ‘सर्वसाधारण सभा 📅 रविवारी’ असं लिहिलं होतं. सभा सप्टेंबरात. त्याने विचारलं, रविवार खरा की १७ जुलै खरा? ग्रुपवर दोघं हसले. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. कागदावर दोन तारखा दिसल्या तर कोणती खरी हे विचारणारा माणूस हिशेब तपासायला ठेवतात.

आता 🙏 कडे येते. हा आपल्या मराठी ग्रुपांचा खरा रोग.

त्या मुलाकडे एक दोनशे पानी वही आहे. पाण्याचा प्रकार झाल्यावर त्याने ती मला दाखवली. त्यात त्याने ग्रुपवरची माणसं आणि त्यांची चित्रं लिहून काढली होती: कोण कशासाठी काय टाकतं. माझ्या नावासमोर 🙏 चे सहा अर्थ होते. सकाळी टाकला तर नमस्कार. कुणाच्या कामानंतर टाकला तर आभार. ‘भरा’, ‘करा’ याच्यापुढे टाकला तर विनंती. कुणी गेल्यावर टाकला तर श्रद्धांजली. वाद चालू असताना एकटाच टाकला तर ‘आता पुरे’. आणि सहावा: काकू रागावल्या की दोन नमस्कार, खूप रागावल्या की तीन.

मी हसले खरी, पण घरी जाऊन जुने मेसेज काढून बघितले. पोराचं बरोबर होतं. ‘पार्किंगमध्ये गाडी नीट लावा 🙏🙏🙏’. नमस्कार कसला, ते हात जोडून दिलेलं दटावणं होतं. आपण पुणेरी माणसं पाटीवर जे सरळ लिहून मोकळे होतो, ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’, तेच ग्रुपवर नमस्काराच्या पदराखाली झाकून देतो. तुला म्हणून सांगते, शब्दशः वाचणाऱ्याला ती पाटी जास्त सोपी जाते. काय केलं तर काय होईल, दोन्ही त्यात आहे. मात्र पाटी टोमणा मारायला लागली, ‘आपण सुशिक्षित आहात असे वाटत होते’, की पुन्हा त्याची पंचाईत. तो प्रामाणिकपणे विचारेल, आता वाटत नाही का?

तर विनंती असेल तिथे ‘कृपया’ लिही. आभार असतील तिथे ‘आभार’. दुःख असेल तिथे ‘वाईट वाटलं’. राग असेल तर तोही लिही, ‘ही तिसरी वेळ आहे, मला राग आला आहे’. हे वाचायला कडक वाटेल, पण अंदाज लावत बसावं लागणाऱ्याला तेच बरं. एवढं लिहून वर नमस्कार जोडायचा तर जोड, वाक्य संपल्यावर, एकच. शब्दाच्या जागी चित्र नको आणि वाक्याच्या पोटातही नको. ज्यांना अक्षरं वाचतानाच अडखळायला होतं, त्यांची नजर मध्येच आलेल्या चित्रावर ठेचकाळते. आणि ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, त्यांना तो सहा फुगे असले तर सहा वेळा ‘फुगा’ ऐकवू शकतो.

अंगठ्याबद्दल वेगळं सांगते, कारण त्यात पैसे जाऊ शकतात. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला धान्य खरेदी करणाऱ्याने २०२१ साली जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला, मान्य असल्याचं कळव म्हणून. शेतकऱ्याने 👍 पाठवला. जवस काही पोचवलं नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे कागद मिळाला एवढंच. कोर्टाने २०२३ साली ठरवलं की अंगठा म्हणजे होकार, आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. इकडे मद्रास उच्च न्यायालयापुढे रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाचं प्रकरण आलं होतं. अधिकाऱ्याच्या खुनाबद्दलच्या मेसेजवर त्याने अंगठा दिला, खुनाला पाठिंबा दिला म्हणून त्याची नोकरी गेली. २०२४ साली न्यायालय म्हणालं, हा अंगठा ‘पाहिलं, ठीक’ अशा अर्थाचाही असू शकतो, आणि त्याला परत घेण्याचा निकाल कायम ठेवला. एकच अंगठा, दोन कोर्टं, दोन अर्थ. प्रसंग वेगळे होते हे खरं, पण न्यायाधीशांना प्रसंग बघून ठरवायला महिने मिळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मेसेज आल्याबरोबर ठरवावं लागतं.

अंगठ्याच्या जागी आपल्याकडे चार सुटसुटीत शब्द आहेत: पोचलं, वाचलं, मान्य, करतो. चारही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत आणि टाइप करायला कुणालाच दोन सेकंदांहून जास्त लागत नाहीत. मी मेसेजच्या शेवटी आता लिहिते, ‘उत्तर नको’ किंवा ‘मान्य असेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत “मान्य” असं लिहा’. पंचवीस अंगठे येणं थांबलं. आणि कुणी काय मान्य केलं, हे सभेत पहिल्यांदाच वाद न होता कळलं.

पाण्याचा तो निरोप मी त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून पुन्हा लिहिला. तुझ्याकडे नमुना असावा म्हणून देते:

```
विषय: पाण्याची टाकी साफ करणे
उद्या, गुरुवार ३० जानेवारी २०२५, सकाळी १० ते दुपारी १ नळाला पाणी येणार नाही.
तिन्ही टाक्या साफ होतील.
काय करायचं:
१. आज रात्री ९ च्या आत घरात एक बादली पाणी भरून ठेवा.
२. प्यायचं पाणी उकळा. खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. गार झाल्यावर प्या. उकळलेलं पाणी पिता येतं.
३. पाणी उकळणं कधी थांबवायचं ते मी याच ग्रुपवर लिहीन.
उत्तर नको.
```

सफाई एक दिवस पुढे गेली होती, म्हणून ही तारीख. ‘उकळलेलं पाणी पिता येतं’ हे वाक्य बाकीच्यांना फालतू वाटलं. ते त्याने घालायला लावलं, कारण आदल्या दिवशीचं 🚱 त्याच्या लेखी अजून मागे घेतलेलं नव्हतं. तिसऱ्या कलमात आधी मी ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ असं लिहिलं होतं. त्याने विचारलं, सूचना कोण देणार, कुठे देणार? मी बदललं. आणि गंमत बघ, एवढं करून मी ती थांबवायची सूचना द्यायची विसरले. त्याच्या घरी मे महिन्यापर्यंत पाणी उकळत होतं. वहिनीने सिलिंडरचा हिशेब सांगितला तेव्हा माझ्या लक्षात आलं. जी मनाई किंवा जी सक्ती तू लिहून चालू करशील, ती लिहूनच बंद करायची असते. बाकीची माणसं आपसूक सोडून देतात; असा माणूस दिलेला शब्द पाळतो.

इमोजी काढून टाकले म्हणजे काम झालं, असंही नाही. आपली भाषाच काय कमी आडवळणाची आहे? निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. दुकान बंद केलं की ‘वाढवलं’ म्हणतो. बघू म्हणजे बहुधा नाही. दोन मिनिटं म्हणजे वीस. प्लंबर ‘उद्या-परवा’ येतो म्हणाला ते मी तसंच ग्रुपवर टाकलं, तर हा दोन दिवस रजा काढून घरी बसला. आता मी लिहिते, ‘प्लंबरने दिवस नक्की सांगितलेला नाही. सांगितला की लिहीन.’ न कळलेली गोष्ट न कळलेली म्हणून लिहिली की त्याची काही तक्रार नसते. तक्रार असते ती अर्धवट कळवल्याची.

चेष्टा करू नको असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला विनोद आवडतात, चांगले करतोही. फक्त चेष्टेपुढे 😂 ठेवून भागत नाही, कारण आपल्याकडे लोक खऱ्या भांडणातही तेच ठेवतात. ‘गंमत करतेय’ असं सरळ लिहावं. इंग्रजीत लिहिणाऱ्या अशा मंडळींनी यासाठी वाक्यामागे `/j` म्हणजे गंमत, `/srs` म्हणजे खरंच, अशा खुणा पाडून घेतल्यात. विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात. ग्रुपवरचे विनोद तसेही फार जिवंत नसतात.

आणि एक. हे सगळं मी एका मुलाकडून शिकले, तेव्हा हे त्या एकाचं आहे. डी विंगमधली ती कॉलेजची मुलगी, तिला एडीएचडी आहे, तिला माझे लांब मेसेज वाचवत नाहीत. तिला ओळीच्या सुरुवातीला ✅ किंवा ⚠️ असलं की डोळा थांबायला जागा मिळते. ही चित्रं दरवेळी एकाच अर्थाने आली तर तिसऱ्या मजल्यावरही चालतात, मी विचारून घेतलंय. शाळेत माझ्याकडे असेही विद्यार्थी होते ज्यांना माणसाच्या हलत्या चेहऱ्यापेक्षा चितारलेला स्थिर चेहरा वाचायला सोपा जायचा, आणि स्वतःला काय होतंय ते सांगायला ते चित्रावर बोट ठेवायचे. म्हणून सरसकट बंदी घालू नकोस. त्या त्या माणसाला विचार, आणि त्याच्या आईला विचारण्याआधी त्याला विचार.

डेमियन मिल्टन नावाचे इंग्लंडमधले एक समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली लिहिलं की हा गैरसमज दुहेरी असतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तितकंच इतरांना त्याचं कळत नाही. मी ते निवृत्तीनंतर वाचलं. शाळेत असताना आम्ही चेहऱ्यांची कार्डं दाखवून मुलांकडून ‘आनंदी’, ‘दुःखी’, ‘रागावलेला’ पाठ करून घ्यायचो. एकाही मुलाने मला कार्ड दाखवून माझी परीक्षा घेतली नाही. या मुलाने वहीत माझे सहा नमस्कार लिहिले, तेव्हा ती परीक्षा झाली.

परवाच्या टँकरचा निरोप अजून गेलेला नाही, तो तूच लिही. किती लिटरचा, किती वाजता, कोणत्या गेटने आणि पैसे कुणी द्यायचे, एवढं त्यात हवं. पाठवण्याआधी तिसऱ्या मजल्यावर दाखवून घे. तो साडेसहाला घरी येतो. सहा पंचवीसला बेल वाजवू नकोस.